नळाची धार खाली बारीक का होते?

नळ बेताने सोडला, की तोटीपाशी जाड असलेली धार खाली येता येता निमुळती होते. बाहेरची हवा तिला आवळत असेल, असे वाटते. पण हवेचा दाब धारेच्या वरच्या टोकाला जेवढा, जवळपास तेवढाच खालच्या टोकालाही असतो. त्यामुळे ऊर्जेच्या हिशेबातून दाब बाद होतो आणि उरतात दोनच गोष्टी : उंची आणि वेग. पाणी जेवढी उंची गमावते, तेवढा वेग कमावते.

डॅनिएल बर्नुली यांच्या नावाने ओळखले जाणारे ऊर्जेचे समीकरण इथे एवढेच सांगते :

v₂² = v₁² + 2gh

v₁ हा तोटीपाशचा वेग, v₂ हा h इतके खाली आल्यावरचा वेग आणि g हे गुरुत्वीय त्वरण.

आता दुसरी अट. दर सेकंदाला तोटीतून जेवढे पाणी निघते, तेवढेच धारेच्या प्रत्येक छेदातून गेले पाहिजे. मध्ये ना ते साठते, ना ताणले जाऊन विरळ होते. हे सातत्याचे समीकरण :

A₁v₁ = A₂v₂

वेग वाढला, की छेदाचे क्षेत्रफळ A कमी होणे भागच आहे.

समजा, लिटरची बाटली १० सेकंदांत भरते आणि तोटीचा आतला व्यास १२ मिलिमीटर आहे. म्हणजे सेकंदाला १०० घन सेंटिमीटर पाणी १.१३ चौरस सेंटिमीटरच्या तोंडातून सेकंदाला ८८ सेंटिमीटर वेगाने निघते. २० सेंटिमीटर खाली हा वेग २१७ होतो. १०० ला २१७ ने भागले, की छेद ०.४६ चौरस सेंटिमीटर येतो. म्हणजे व्यास सुमारे ७.७ मिलिमीटर. आणखी २० सेंटिमीटर खाली तो ६.६ होतो. पहिल्या टप्प्यात चार मिलिमीटरहून जास्त घट, दुसऱ्यात जेमतेम एक. बारीक होणे दिसते ते मुख्यतः तोटीजवळच.

नळ जोरात सोडून तीच बाटली ४ सेकंदांत भरली, तर २० सेंटिमीटर खालीही व्यास १० मिलिमीटरच्या वरच राहतो. पाणी मुळातच वेगाने निघत असल्याने पडताना मिळालेल्या वेगाने फारसा फरक पडत नाही.

हा हिशेब उलटाही करता येतो. दोन ठिकाणची जाडी आणि त्यांमधले अंतर मोजले, की बाटली न भरताच नळाचा प्रवाह काढता येतो. मात्र धार काचेसारखी नितळ हवी. जाळीच्या तोटीतून फेसाळत येणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे मोजलेली जाडी नुसत्या पाण्याची नसते. नितळ धारही फार बारीक झाली, की पृष्ठताणामुळे तिच्यावर फुगवटे येतात आणि शेवटी तिचे थेंब होतात. फुगवटे दिसू लागतात, त्याच्या वरच मोजमाप घ्यावे.