खव्याच्या कोल्ड रूममध्ये ऑडिटरला चूक सापडली. ती रिपोर्टमध्ये कशी लिहायची?

धाराशिव जिल्ह्यातला भूम-वाशीचा पट्टा खव्यासाठी ओळखला जातो. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव तर राज्यभर आहे. साधारण पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की किलोभर खवा होतो. पण त्यात ओलावा राहतो, त्यामुळे थंडावा कमी पडला की खवा लवकर खराब होतो. म्हणून मोठ्या युनिटमध्ये ऑडिटर आला की त्याची नजर आधी कोल्ड रूमकडे जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भूममधल्या एका युनिटनं आयएसओ २२००० हे अन्नसुरक्षेचं मानक स्वीकारलंय. खवा ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवायचा आणि दर चार तासांनी नोंद करायची, असा त्यांचाच नियम आहे. ऑडिटमध्ये त्रुटी सापडल्या आणि ऑडिटरनं लिहिलं, ‘कोल्ड रूमकडे नीट लक्ष दिले जात नाही.’

हे वाक्य रिपोर्टमध्ये चालत नाही. कोणता नियम मोडला आणि काय दिसलं, हे त्यातून कळत नाही. मालकाला ते नाकारताही येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

मग एनसी कशी लिहायची?

नियम आणि प्रत्यक्ष काम यांच्यातल्या फरकाला नॉन-कन्फॉर्मिटी, थोडक्यात ‘एनसी’ म्हणतात. ती तीन भागांत लिहितात: नियम काय, पुरावा काय आणि फरक काय.

आपल्या उदाहरणात दोन एनसी निघतात.

एनसी १. नियम: मापनाची उपकरणं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट केलेली हवीत. पुरावा: भिंतीवरचा डिस्प्ले ४ अंश दाखवत होता. त्याच वेळी ऑडिटरच्या कॅलिब्रेट केलेल्या थर्मामीटरवर, दाराजवळच्या ट्रेमधल्या खव्याचं तापमान ९ अंश आलं. डिस्प्लेच्या सेन्सरची कॅलिब्रेशनची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. फरक: ज्या आकड्यावर सगळे विसंबून आहेत, त्याची खात्री उरलेली नाही.

एनसी २. नियम: दर चार तासांनी नोंद. पुरावा: सात दिवसांचं रजिस्टर पाहिलं. ४२ नोंदी हव्या होत्या, ३१ सापडल्या. गाळलेल्या अकराही नोंदी रात्री १० आणि २ वाजताच्या होत्या. फरक: रात्रपाळीत नियम पाळला जात नाही.

पुराव्यात किती पाहिलं हेही लिहायचं असतं. कारण ऑडिट म्हणजे नमुना तपासणी. सात दिवस पाहिले म्हणजे वर्षभराचं कळलं, असं होत नाही.

मेजर की मायनर?

प्रक्रिया ताब्यात आहे की नाही याबद्दलच मोठी शंका आली, तर एनसी मेजर ठरते. पहिली म्हणूनच मेजर. दुसरी रात्रपाळीपुरती आहे, म्हणून मायनर. पण एकाच नियमाच्या अनेक मायनर एनसी साठल्या तर त्याही मेजर होऊ शकतात.

मुदत एकच का नसते?

‘३० दिवसांत बंद करा’ एवढंच लिहिलं तर २९ दिवस धोका तसाच राहू शकतो. म्हणून पायरीनुसार तारीख देतात. या युनिटपुरती ती अशी ठरू शकते: त्याच दिवशी खवा अडवून ठेवणं आणि पर्यायी थर्मामीटर लावणं, सात दिवसांत मूळ कारण शोधणं, ३० दिवसांत कायमचा उपाय, त्यानंतर महिनाभरानं तो टिकला का, याची तपासणी.

पहिल्या पायरीत एक प्रश्न हमखास सुटतो: सेन्सर कधीपासून चुकतोय? आज नवा सेन्सर बसवला, तरी आधी बाजारात गेलेल्या मालाचं काय? आयएसओ २२००० नुसार, उपकरण चुकीचं निघालं तर त्यावरचे जुने आकडे आणि त्या काळातला माल, दोन्ही तपासावे लागतात. पेढा खाणाऱ्या ग्राहकाशी थेट संबंध या प्रश्नाचा आहे.

एनसी खरंच बंद झाली, हे कसं ओळखायचं?

‘कामगाराला समज दिली’ हे मूळ कारणावरचं उत्तर नाही. विचारत गेलं तर कळतं, की रात्री एकच माणूस भट्टीही सांभाळतो आणि रजिस्टरही. मग उपाय माणसाला ओरडण्यात नाही, आपोआप नोंद करणारा डेटा लॉगर बसवण्यात आहे.

पुरावाही त्या उपायाचाच हवा. सेन्सरचा क्रमांक, तारीख आणि ५ अंशांजवळचं रीडिंग असलेलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आणि लॉगरच्या रात्रीच्या नोंदी चालतील. ट्रेनिंगचा ग्रुप फोटो चालणार नाही. आणि गाळलेल्या जागा एकाच पेनानं, एकाच हस्ताक्षरात भरून आल्या असतील, तर ती एनसी बंद होत नाही. खोट्या नोंदींची नवी एनसी लिहावी लागते.