काउंटरवरची मुलगी रील बनवते तेव्हा नाव कुणाचं, चेहरा कुणाचा?

हा भाग मी इटियाडोहला, घरी आलो असताना रेकॉर्ड केलाय. मागे वाऱ्याचा आवाज आला असेल तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

विषय असा, की दुकानात काम करणारी माणसंच आता दुकानाची जाहिरात करतात. अमेरिकेत वॉलमार्टने यासाठी ‘स्पॉटलाइट’ नावाचा कार्यक्रमच काढला होता. आपल्याकडे कार्यक्रम वगैरे काही नसतं. सेठजी म्हणतात, “तुला मोबाईल चांगला जमतो, एक रील टाक ना!” झालं सुरू.

माझी मावसबहीण अर्जुनी मोरगावला एका कापड दुकानात काउंटरवर असते. तिने करवत काठी साडीवर रील केली होती, ३० सेकंदांची. काठावरचे करवतीसारखे दाते कसे ओळखायचे, टसरचा पोत हाताला कसा लागतो, एवढंच. रील चालली, गिऱ्हाईकं विचारत यायला लागली. आणि मग प्रश्न आला की ही रील नेमकी कुणाची? तिची की दुकानाची? ती मला विचारत होती, कारण मी इंजिनिअर. (घरात प्रिंटरपासून कायद्यापर्यंत सगळं इंजिनिअरलाच विचारतात.)

मी शोधलं तर उत्तर वाटलं तितकं सरळ नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात रीलसाठी वेगळा शब्द नाही, व्हिडिओ म्हणजे सिनेमॅटोग्राफ फिल्मच. फिल्मचा कर्ता कोण, तर निर्माता, म्हणजे जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी उचलतो. आता कल्पना तिची, शूट तिचं, पण साडी दुकानाची, वेळ ड्यूटीचा. शिवाय नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काही बनवलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक सहसा मालकच, म्हणजे सेठजी. पण तिला साड्या विकायला ठेवलंय, व्हिडिओ बनवायला नाही! दोन्ही बाजूंनी भांडता येईल अशी ही जागा आहे. म्हणूनच आधी एका कागदावर लिहून घ्यायचं.

त्याआधी इन्स्टाग्रामची एक गोष्ट समजून घ्या, कारण खरा खेळ तिथे आहे. कोलॅब पोस्ट तुम्ही पाहिली असेल, वर दोन नावं दिसतात. लाइक आणि कमेंट दोघांच्या एकत्र मोजल्या जातात. श्रेय द्यायची ही सगळ्यात सोपी रीत, कॅप्शनमध्ये खाली कुठेतरी टॅग करण्यापेक्षा कितीतरी बरी. पण दोन्ही नावं सारखी नसतात. ज्याने पोस्ट टाकली तो मूळ मालक, दुसरा पाहुणा. पाहुणा स्वतःला त्यातून काढून घेऊ शकतो, पण पोस्ट मूळ खात्यावर तशीच राहते. मूळ मालकाने डिलीट केली, तर दोघांकडूनही जाते. म्हणजे दुकानाच्या खात्यावरून टाकली आणि उद्या बहिणीने नोकरी सोडली, तर तिचा चेहरा दुकानाकडे राहणार. तिच्या खात्यावरून टाकली, तर दुकानाची चाललेली रील तिच्या एका बोटावर. कोण टाकणार हे दोघांनी आधी ठरवायचं.

आम्ही बसून ठरवलं ते असं. साडीचा, मालाचा व्हिडिओ असेल तर दुकानाच्या खात्यावरून, तिला कोलॅबला घेऊन. तिची स्वतःची कल्पना, तिचा चेहरा मुख्य असेल तर तिच्या खात्यावरून. नोकरी सुटली तरी तिचं नाव काढायचं नाही. तिचा चेहरा असलेली रील काढा असं ती म्हणाली, तर सात दिवसांत काढायची. आणि रील करणं सक्तीचं नाही, नको म्हणाली तर पगारावर, सुट्टीवर परिणाम नाही. सेठजी शेवटच्या ओळीवर जरा थांबले होते, पण सही केली.

वेळेचंही लिहिलं. पावसाळ्यात इटियाडोह ओव्हरफ्लो झालं की अख्खा परिसर रील काढायला येतो, आणि सेठजींना साडी नेसून तिथलं शूट हवं होतं, तेही रविवारी. रविवार तिचा सुट्टीचा. सुट्टीत शूट असेल तर त्या दिवसाची मजुरी वेगळी, जायचा-यायचा खर्च दुकानाचा, आणि सांडव्याच्या पाण्यात उतरायचं नाही. घसरगुंडी आहे ती, तिथे साडी नेसून उभं राहायची गरज नाही.

आता लोकांना काय सांगायचं ते. ती स्वतःच्या खात्यावर “ही साडी मस्त आहे” म्हणते, तेव्हा बघणाऱ्याला कळायला हवं की ती तिथेच नोकरी करते. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, त्यात नोकरीचं नातंही सांगायलाच हवं अशा नात्यांत धरलंय. १५ सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ असेल तर लेबल किमान ३ सेकंद, त्यापुढे २ मिनिटांपर्यंत असेल तर लांबीच्या एक तृतीयांश वेळ. आपली रील ३० सेकंदांची, म्हणून १० सेकंद. तिने सुरुवातीलाच स्क्रीनवर मराठीत लिहिलं, “मी याच दुकानात काम करते.” खोटं वाटायच्या ऐवजी लोकांना ते आवडलंच, कमेंटमध्ये थेट भाव विचारायला लागले.

गाण्याचीही एक अडचण आहे. बिझनेस खात्याला इन्स्टावर बहुतेक फिल्मी गाणी मिळत नाहीत, म्हणून दुकानदार म्हणतात, तुझ्या पर्सनल खात्यावरून टाक. पण जाहिरात तर जाहिरातच, खातं बदलल्याने परवानगी मिळत नाही. एखाद्या दिवशी आवाज म्यूट होतो आणि रील मुकी होते. आम्ही गाणं काढलं, तिचाच आवाज ठेवला, आपल्या झाडीबोलीत. मला तरी तीच रील जास्त भारी वाटते.

राहिली खासगी गोष्ट, आणि इथे मी सगळ्यात कडक आहे. पहिल्या रीलचा मूळ व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. मागच्या आरशात एक बाई साडी लावून बघत होत्या, चेहरा स्पष्ट. काउंटरवर बिलबुक उघडं, त्यात उधारीवाल्यांची नावं आणि मोबाईल नंबर. शूट करताना हे दिसत नाही, कारण आपण फक्त साडीकडे बघत असतो. म्हणून पोस्ट करण्याआधी आवाज बंद करून एकदा फक्त मागचं बघायचं: आरसा, बिल, स्क्रीन, लहान मुलं. ट्रायल रूमच्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. गिऱ्हाईक दिसणार असेल तर आधी विचारायचं, आणि “हो” म्हणालेल्या माणसाने नंतर “काढा” म्हटलं तर काढायचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती परत घेता यायला हवी असंच म्हटलंय, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. दुकानाची रील ही काही घरगुती वापर म्हणून सुटत नाही.

आणि तिची स्वतःची खासगी बाजू? रील चालल्यावर तिच्या इनबॉक्समध्ये रात्री अकरा वाजता “मॅडम, साडी आहे का” पासून नको त्या मेसेजपर्यंत सगळं आलं. आता कॅप्शनमध्ये दुकानाचा नंबर असतो, तिचा नाही. तिची ड्यूटी कधी, ती कुठे राहते, कोणत्या बसने जाते, यातलं काहीच रीलमध्ये येत नाही. तिच्या नावाचा बिल्लाही शूटच्या वेळी काढून ठेवते. तिला नाव हवं असतं ते कोलॅबमध्ये, तिने निवडलेल्या आयडीने.

कागद एका पानाचा आहे, दोघांच्या सह्या, एक झेरॉक्स तिच्याकडे. तुमच्या दुकानात असं काही लिहिलेलं असेल तर मला कळवा, त्यावर पुढच्या भागात बोलू.