विभागनिहाय माहिती व संबंधित पक्षांचे व्यवहार (वित्तीय विवरणपत्रे)

विभागनिहाय माहिती आणि संबंधित पक्षांच्या व्यवहारांचे प्रकटीकरण या कंपनीच्या वार्षिक हिशोबाला जोडल्या जाणाऱ्या दोन महत्त्वाच्या टिपा होत. एकूण विक्री आणि एकूण नफा हे आकडे बेरजेतून तयार होतात. बेरजेत एका व्यवसायाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यात विरून जातो; तसेच व्यवहार परक्याशी झाला की घरच्याशी, हेही कळत नाही. या दोन गोष्टी उघड करणे हे या टिपांचे कार्य आहे. भारतात पहिली टीप ‘इंड एएस १०८’ आणि दुसरी ‘इंड एएस २४’ या लेखामानकांनुसार दिली जाते.

विभागनिहाय माहिती

कंपनीचे सर्वोच्च निर्णयकर्ते ज्या गटवारीनुसार कामगिरी तपासतात आणि भांडवल वाटतात, त्याच गटवारीने वाचकांनाही माहिती द्यावी, हे या मानकाचे मूळ तत्त्व आहे. विक्री, नफा-तोटा किंवा मालमत्ता यांपैकी एका कसोटीवर ज्याचा वाटा १० टक्के वा अधिक भरतो, तो विभाग स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. अशा विभागांत बाहेरच्या ग्राहकांकडून झालेल्या विक्रीचा किमान ७५ टक्के भाग यावा लागतो. एकाच ग्राहकाकडून १० टक्के किंवा अधिक उत्पन्न मिळत असल्यास तेही सांगावे लागते.

अमेरिकेतील नियमांचे तत्त्वही हेच आहे. त्यांनुसार अ‍ॅमेझॉन कंपनीने २०२२ या वर्षाचा एकूण कार्यकारी नफा १,२२४.८ कोटी डॉलर दाखवला. केवळ हा आकडा पाहणाऱ्यास किरकोळ विक्रीचा धंदा नफ्यात असल्याचे वाटेल. विभागांची टीप मात्र वेगळे सांगते. उत्तर अमेरिका विभागास २८४.७ कोटी आणि आंतरराष्ट्रीय विभागास ७७४.६ कोटी डॉलर तोटा झाला होता. संगणकसेवा भाड्याने देणाऱ्या ‘एडब्ल्यूएस’ विभागाने २,२८४.१ कोटी डॉलर नफा मिळवून तो भरून काढला. एकूण विक्रीत या विभागाचा वाटा सुमारे १६ टक्केच होता. २०१५ पूर्वी त्याचे आकडे स्वतंत्रपणे दिले जात नसत; ते ‘इतर’ या सदरात मिसळलेले असत.

संबंधित पक्षांचे व्यवहार

उपकंपन्या, सहयोगी कंपन्या, कंपनीवर नियंत्रण असणाऱ्या व्यक्ती, प्रमुख व्यवस्थापक, त्यांचे निकटचे कुटुंबीय आणि या व्यक्तींच्या नियंत्रणातील संस्था हे संबंधित पक्ष मानले जातात. टिपेत नात्याचे स्वरूप, व्यवहाराची रक्कम, वर्षअखेरची येणी-देणी आणि बुडीत येण्यांसाठीची तरतूद द्यावी लागते. एकत्रित विवरणपत्रात मूळ कंपनी व उपकंपनी यांच्यातील व्यवहार वजा होतात. म्हणून ते पाहण्यासाठी मूळ कंपनीचे स्वतंत्र विवरणपत्र वाचावे लागते.

महाराष्ट्रात दाभोळ वीजप्रकल्पामुळे परिचित झालेल्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. २००० साली तिने ९७.९ कोटी डॉलर निव्वळ नफा दाखवला. त्याच अहवालाच्या १६व्या टिपेत, कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी चालवत असलेल्या भागीदारी संस्थांशी व्यवहार झाल्याची नोंद होती. अधिकाऱ्याचे नाव टिपेत नव्हते. तो वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो होता. कंपनीच्या काही गुंतवणुकींचे मूल्य घसरले, तेव्हा या संस्थांशी निगडित करारांपोटी सुमारे ५० कोटी डॉलर उत्पन्न नोंदवून ती घट झाकली गेली. समोरच्या पक्षाची पैसे देण्याची ऐपत मात्र मुख्यतः एन्रॉनच्याच समभागांवर अवलंबून होती. समभाग कोसळताच हे संरक्षण कागदावरच राहिले. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्या टिपेत व्यवहाराच्या अटी वाजवी असल्याचेही म्हटले होते. असे विधान सिद्ध करता येत असेल तरच करावे, असे ‘इंड एएस २४’ सांगते. म्हणून वाचकाने विधानापेक्षा रकमा पाहाव्यात. संबंधित पक्षाकडून दाखवलेले उत्पन्न नफ्याच्या तुलनेत किती आहे, त्यापैकी रोख किती आली आणि येणी वर्षानुवर्षे वाढत आहेत का, या तीन प्रश्नांतून संशयास जागा आहे की नाही हे बहुधा कळते.

मर्यादा

विभागांची आखणी व्यवस्थापनाच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असते. त्यामुळे दोन कंपन्यांच्या विभागांची थेट तुलना करता येत नाही. मुख्यालयाचा सामायिक खर्च कोणत्या विभागावर किती टाकावा, हेही व्यवस्थापनच ठरवते. पुनर्रचनेनंतर विभाग बदलले, तर मागील वर्षाचे आकडे सामान्यतः नव्या रचनेनुसार पुन्हा द्यावे लागतात; परंतु तोट्यातील व्यवसाय नफ्यातील विभागात सामावला गेल्यास तो पुन्हा दृष्टिआड होतो. संबंधित पक्षांच्या टिपेची मर्यादा याहून मूलभूत आहे. कंपनीने जे नातेच लपवले, ते टिपेत येत नाही आणि लेखापरीक्षकालाही ते शोधणे कठीण जाते.