आधी बाहुलीचं ऑपरेशन

टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं की घरातले सगळे मुलाला एकच सांगतात : आता मज्जा, भरपूर आईस्क्रीम! आईस्क्रीम मिळतं हे खरं. पण शुद्धीवर आल्यावर घसा असा ठणकतो की थुंकी गिळणंही नको होतं, आणि ते कोणी सांगितलेलंच नसतं. मग पाण्याच्या पुढच्या घोटाला मूल तोंड घट्ट मिटून घेतं. मोठ्यांवरचा विश्वास नेमका नको त्या वेळी उडालेला असतो, कारण हे दुखणं आठवडा-दहा दिवस चालतं आणि त्या काळात पाणी पीत राहणं फार गरजेचं असतं.

पाच वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे ठेवू. तिला तीन-चार दिवस आधी सांगावं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदला दिवस पुरतो, सात-आठ वर्षांच्या मुलाला आठवडाभर हवा. सांगायचं ते असं : ‘तुझ्या घशात मागे दोन छोटे गोळे आहेत. ते सारखे सुजतात, म्हणून तुझा घसा दुखतो. डॉक्टर ते काढणार आहेत. तू काही चूक केलीस म्हणून नाही.’ हे शेवटचं वाक्य गाळू नये. या वयात मुलांना आजार ही शिक्षा वाटू शकते, आणि ‘जेवली नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ असा धाक आपणच घातलेला असतो.

‘डॉक्टर तुला झोपवतील’ एवढंच सांगणं अपुरं आहे. रात्री कुत्रा भुंकला तरी जाग येते, मग ऑपरेशनमध्ये आली तर? म्हणून सांगावं : ‘ही औषधाची झोप असते, रोजच्यासारखी नाही. त्यात काहीच दुखत नाही. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्याजवळ असतात. काम झालं की ते औषध बंद करतात आणि तू जागी होतेस. तेव्हा घसा दुखेल, त्यावर औषध देऊ.’ आई कुठपर्यंत सोबत येईल, हे आधी हॉस्पिटलला विचारूनच कबूल करावं.

यानंतर खेळ. बाहुली, कापूस, बँडेज, बिनसुईची सिरिंज आणि मिळाला तर हॉस्पिटलमधला खरा मास्क. पहिल्यांदा आपण सगळं क्रमाने दाखवावं : बाहुली सकाळी काही खात नाही, हॉस्पिटलचा गाऊन घालते, मास्कमधून श्वास घेते, जागी होते, घसा दुखतो म्हणून रडते, औषध घेते, घरी येते. दुसऱ्यांदा डॉक्टर मुलगीच होईल. ती बाहुलीला पाच-सहा वेळा खसाखस सुई टोचेल, ‘गप्प बस, रडायचं नाही!’ असं दरडावेलही. तिला अडवू नये. तिच्या मनातली भीती तिथे बाहेर पडत असते. ‘बाहुलीला काय वाटतंय गं?’ एवढंच विचारावं. आणि तिने कात्री घेऊन बाहुलीचा गळा बाहेरून कापायला घेतला, तर तिचा गैरसमज आपल्याला दिसला! तेव्हा शांतपणे सांगावं, ‘गळा कापत नाहीत. बाहुली तोंड उघडते आणि डॉक्टर आतूनच गोळे काढतात.’ नुसतं तोंडी समजावून ही चूक कधी कळली नसती.

मास्क तिने स्वतःच्या हाताने नाकातोंडावर धरून पाहावा, बाबांनाही लावावा. भूल देण्याच्या नळीला बहुतेकदा एक पिशवी असते, ती श्वासाबरोबर फुग्यासारखी फुगते-बसते. तो फुगा फुगवायचा सराव घरी करता येतो.

सलाईनची सुई टोचण्यापूर्वी तासभर आधी त्वचा बधिर करणारं मलम लावता येतं. ते मिळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. टोचताना तिला आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर मिठीत बसवावं, आणि कुठला हात हे शक्य असेल तर तिलाच निवडू द्यावं. ‘काही होत नाही, घाबरू नको’ असा जप केल्याने मुलं उलट जास्त घाबरतात, असं संशोधनात वारंवार दिसलं आहे. त्याऐवजी साबणाचे फुगे फुगवायला द्यावेत किंवा तिच्या आवडीची गोष्ट सांगावी.

भूल उतरताना काही मुलं हातपाय झाडतात, किंचाळतात, आईलाही ओळखत नाहीत. आपली सगळी तयारी फुकट गेली असं तेव्हा वाटतं, पण तो भुलीचा परिणाम असतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. मुलांना पुढे त्यातलं फारसं आठवतही नाही.

घरी आल्यावर ती अंथरूण ओलं करेल, आईला चिकटून राहील, रात्री दचकून उठेल. रागावू नये, बाहुलीचा खेळ चालू ठेवावा. मात्र थुंकीतून लाल रक्त आलं, तर वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठावं. रात्रीचं दचकणं दोन-तीन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं.