टोपीतून काढलेल्या बटा

बॉयकट किंवा पिक्सी कटवर फॉइलने हायलाइट्स करायला गेलं, तर दोन-तीन इंचांचे केस फॉइलमधून निसटतात. अशा केसांना भोकांची टोपी सोयीची. रबराची किंवा सिलिकॉनची ही टोपी डोक्यावर घट्ट बसवायची, क्रोशासारख्या सुईने भोकांतून बटा बाहेर काढायच्या आणि ब्लीच फक्त त्यांनाच लावायचं.

केस कोरडे हवेत आणि रोजच्याच वळणाने विंचरलेले. टोपीला आतून थोडी टाल्कम पावडर लावली की ती केस न ओढता बसते. सुई उभी खुपसू नये, टाळूला जवळजवळ आडवी धरून सरकवावी. उभ्या सुईने टाळू ओरखडते आणि दर वेळी केसही कमी-जास्त येतात. सुरुवात मानेकडून करावी, नाहीतर वरून काढलेले केस खालची भोकं झाकून टाकतात. प्रत्येक बट टोकापर्यंत बाहेर आली का ते पाहावं. अर्धवट आलेल्या बटेचा फास होतो, टोक आत राहतं आणि ते काळंच दिसतं.

किती भोकं घ्यायची, यावर सगळं रूप ठरतं. लांब केसांत उजळ बट इतर केसांखाली लपते, आखूड केसांत ती मुळापासून टोकापर्यंत उघडी असते. त्यातून आपले केस काळे, म्हणजे फरक आणखी उठून दिसणार. समजा, वरचे केस तीन इंच आणि कडेचे एक इंच आहेत. वर एकाआड एक भोक घ्यावं, कडेला दोन सोडून तिसरं, आणि पुढची ओळ बुद्धिबळाच्या पटासारखी सरकवून. एका रेषेत घेतलं तर पट्टे उमटतात. सगळीच भोकं घेतली तर डोकं जवळजवळ पूर्ण उजळतं. तसं हवं असेल तर जरूर करावं, पण ठरवून.

काळे केस उजळताना आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे होतात. २० व्हॉल्यूम डेव्हलपरने, म्हणजे ६ टक्क्यांच्या पेरॉक्साइडने, ते बहुधा नारिंगी-तपकिरीपर्यंत जातात. मधाळ छटा हवी तर वरून टोनर लागतो. मिश्रण घट्ट दह्यासारखं असावं. ते पातळ झालं, टोपी सैल राहिली किंवा ब्रश भोकावर दाबला, तर ब्लीच आत झिरपतं आणि मुळाशी चट्टे पडतात. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून रंग पाहावा. ब्लीच आणि टोनर दोन्ही टोपी डोक्यावर असतानाच धुवावेत आणि काढण्याआधी बटांना कंडिशनर लावावा, म्हणजे त्या सहज आत सरकतात. चाचणी मात्र ४८ तास आधी, कानामागे.

केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. त्यामुळे दोन महिन्यांत काळी मुळं स्पष्ट दिसतात, आणि आखूड केस वरचेवर कापावे लागत असल्याने उजळ टोकंही कात्रीखाली जातात.