बोंडअळी शोधली, निकाल शून्य

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कापूस आणि त्यावरच्या किडींवर वर्षानुवर्षे संशोधन होत आले आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातले प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. विद्यार्थी मात्र शेतात, घरात आणि मनात मराठीच बोलतो. अशा कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एखाद्याने संगणकावर ‘कापसावरील बोंडअळी’ असे टाइप केले, तर काय होईल?

नेहमीचा कॅटलॉग अक्षरे जुळवतो. पुस्तकाची नोंद करताना नाव, लेखक आणि विषय ज्या शब्दांत भरले, तेच शब्द शोधात आले तर पुस्तक सापडते. प्रबंधाच्या नावात ‘पिंक बोलवर्म’ असे इंग्रजीत असेल, तर मराठी शब्दांना उत्तर मिळते: शून्य निकाल. प्रबंध कपाटातच असतो आणि विद्यार्थी ‘इथे काही नाही’ म्हणून निघून जातो.

अर्थाने शोधणारी नवी पद्धत इथे कामाला येते. तिच्यात प्रत्येक नोंदीचा मजकूर एका भाषा-मॉडेलला वाचायला देतात आणि मॉडेल त्याचे आकड्यांच्या रांगेत रूपांतर करते. ‘मल्टिलिंग्वल ई५’ या खुल्या मॉडेलच्या मध्यम आवृत्तीत ही रांग ७६८ आकड्यांची असते. तिलाच व्हेक्टर म्हणतात. अनेक भाषांतला मजकूर वाचून मॉडेल असे घडवलेले असते, की अर्थाने जवळच्या वाक्यांच्या रांगा एकमेकींच्या जवळ पडाव्यात, मग भाषा कोणतीही असो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचीही अशीच रांग होते आणि तिच्या सर्वांत जवळच्या दहा नोंदी पडद्यावर येतात. मराठी ‘बोंडअळी’ला इंग्रजी प्रबंध भेटतो तो असा.

यासाठी महागडी यंत्रणा लागते हा समज मात्र काढून टाकावा. एका आकड्याला चार बाइट धरले, तर एक नोंद सुमारे ३ किलोबाइटची होते. लाखभर नोंदी म्हणजे जेमतेम ३०० मेगाबाइट. साध्या संगणकाच्या मेमरीत त्या आरामात मावतात. प्रश्नाची रांग सगळ्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहिली तरी क्षणार्धात काम होते. सगळे न तपासता झटपट शेजारी हुडकणारे व्हेक्टर डेटाबेस कोट्यवधी नोंदींसाठी खरे उपयोगी. महाविद्यालयाच्या गळ्यात कोणी ते मारू पाहत असेल, तर आधी नोंदी मोजाव्यात.

खरी अडचण नोंदींचीच आहे. पुष्कळ ठिकाणी मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत ‘Kapus Lagwad’ अशी भरलेली असतात, तर काही जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत, ज्या आज नुसती अगम्य चिन्हे दाखवतात. या चिन्हांतून मॉडेलला अर्थ लागत नाही आणि रोमन मराठीतही ते चाचपडते. शिवाय नाव आणि लेखक एवढ्यावर फारसा अर्थ उमटत नाही. प्रबंधाचा सारांश जोडला की निकाल पुष्कळ सुधारतो, पण हे मॉडेल एका वेळी ५१२ शब्दतुकडेच वाचते. पुढचे सारे गळते.

दुसरा दोष फसवा आहे. ही पद्धत ‘सापडले नाही’ असे कधीच म्हणत नाही. ग्रंथालयात विषयाचे एकही पुस्तक नसले, तरी त्यातल्या त्यात जवळची दहा ती समोर ठेवते. जवळिकीच्या गुणांवर विसंबावे, तर ई५ मॉडेलमध्ये असंबद्ध नोंदीलाही ०.७च्या वर गुण मिळू शकतात. आणि नेमकी नावे तिला नीट धरता येत नाहीत. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘एनएचएच ४४’ हा संकर मागितला, तर इतर वाणांचे प्रबंध वर येऊ शकतात, कारण अर्थाने ते सारे सारखेच. दाखल क्रमांक आणि लेखकाचे आडनाव यांचेही तेच.

म्हणून जुना शोध काढून टाकणे मला चूक वाटते. दोन्ही शोध चालवावेत आणि क्रमांक एकत्र करावेत. प्रचलित रीत अशी: प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवून १ या आकड्याला त्याने भागायचे आणि दोन्हीकडच्या गुणांची बेरीज करायची. शब्दशोधात पहिला आणि अर्थशोधात आठवा आलेल्या ‘एनएचएच ४४’च्या प्रबंधाला १/६१ अधिक १/६८, म्हणजे सुमारे ०.०३१ गुण मिळतात. केवळ अर्थशोधात पहिल्या आलेल्या दुसऱ्या वाणाच्या प्रबंधाला ०.०१६. हवा तो प्रबंध वर येतो.

ग्रंथपालांना एक विनंती. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहण्याआधी, शून्य निकाल आलेले पन्नास खरे शोध वहीत उतरवा, प्रत्येकापुढे कपाटातले योग्य पुस्तक लिहा आणि त्यातली किती पुस्तके पहिल्या दहांत येतात ते स्वतः मोजा.