दोन सप्टेंबरचा वायदा

1981 च्या ऑगस्टअखेर फ्रान्समधल्या भिंतींवर एक पोस्टर लागलं. बिकिनीतली तरुणी सांगत होती, दोन सप्टेंबरला वरचा कपडा उतरवीन. दोन तारखेला तो उतरला होता, आणि चार तारखेला खालचा उतरवण्याचा वायदा होता. चारला ती पाठमोरी, विवस्त्र उभी होती. खाली ओळ होती: आव्हनिर, दिलेला शब्द पाळणारी पोस्टर कंपनी.

स्त्रीदेहाचा असा वापर मला मान्य नाही. रचना मात्र शिकण्यासारखी आहे. कंपनीला विकायचं होतं ते ठरल्या दिवशी पोस्टर बदलण्याचं कसब, आणि टीझरने नेमकं तेच करून दाखवलं. शिवाय वाट पाहायची होती दोनच दिवस.

म्हणून आखणी शेवटच्या जाहिरातीपासून उलटी करावी. समजा, कमी आवाजाचा मिक्सर आणायचा आहे. शेवटी मोजलेला आवाज सांगायचा असेल, तर पहिल्या टीझरमध्ये पहाटेचं स्वयंपाकघर आणि झोपलेलं बाळ दाखवता येईल. मिक्सर दाखवायचा नाही, पण बाळ खरोखर झोपून राहील इतका आवाज कमी आहे का, हे आधी तपासायचं. ‘आवाजच नाही’ असं लिहिलं, तर पहिल्याच चटणीला ते खोटं ठरतं. तारीखही माल दुकानांत पोहोचल्यावरच छापावी. टीझर पाहून लोक वेगळ्याच वस्तूबद्दल विचारू लागले, तर पुढच्याच टीझरमध्ये तो गैरसमज दूर करावा.